आत्याच्या ओठावर ताप फुटलाय आणि बारसं पुढच्या रविवारी

मोगरी | रविवार, रात्री ९:४०

बाळ आज पाच दिवसांचं झालं. पहिलं बाळंतपण, त्यामुळे मी माहेरी नाशिकला आहे. पुढच्या रविवारी बाराव्या दिवशी बारसं ठरलंय. सासरची पंचवीसेक माणसं येतील, आमची धरून चाळीस.

आज दुपारी नणंदेचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली की कालपासून ओठाच्या कडेला चुरचुरत होतं आणि आज तिथे पुरळांचा झुबका उठलाय. तिला हे वर्षातून एक-दोनदा होतंच, उन्हात फिरलं किंवा आजारी पडलं की. यावेळी लग्नाच्या खरेदीला दिवसभर उन्हात होती. सासूबाई म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडली. नवरा म्हणतो, ताप फुटलाय, आठवड्यात जाईल.

पण हॉस्पिटलमधून घरी सोडताना तिथल्या सिस्टरने मला सांगितलं होतं, की ओठावर असे फोड असलेल्या कुणालाही बाळाजवळ येऊ देऊ नका. आता आत्याशिवाय बारसं कसं करायचं? कानात कुर्र तीच करणार, नाव तीच सांगणार, आणि नाव सांगून झालं की ती बाळाचा मुका घेतल्याशिवाय राहणार नाही. ती मलम लावतेय. तेवढं पुरेल का? मला स्वतःला असं कधी झालेलं नाही, म्हणून अंदाज येत नाहीये.

---

अळूवडी | रविवार, रात्री १०:०५

अगं, बी-कॉम्प्लेक्स कमी झालं की होतं हे. माझं तर दर परीक्षेच्या वेळी तोंड यायचं. साजूक तूप लावायला सांग रात्री, आणि गोळ्या पाच दिवस. रविवारपर्यंत साफ होईल. उगाच नणंदेला दुखवू नकोस, पहिलं बारसं आहे.

---

रातपाळी | रविवार, रात्री ११:५०

अळूवडी, तोंड येणं वेगळं. ते गालाच्या आत, जिभेवर, ओठाच्या आतल्या बाजूला होतं, पांढरट चट्टा असतो, झोंबतो, पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही. जीवनसत्त्वाचा संबंध तिथे असू शकतो. थंडीत ओठ फुटतात किंवा जिवणीला चीर पडते, तेही वेगळं. मोगरीने लिहिलंय ते बाहेर, ओठाच्या कडेला, आधी चुरचुर आणि मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका. पुन्हा पुन्हा साधारण त्याच जागी येतो. हा हर्पिसचा विषाणू. तूप लावून तो जात नाही, आणि तूप लावलेलं बोट बाळाला लागलं तर अजून वाईट.

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. आमच्यातल्या कुणाच्या ओठावर असं काही दिसलं तर तिला बाळांच्या ड्यूटीवर ठेवत नाहीत, दुसरीकडे पाठवतात. यावरून काय ते समजा. तुझ्या सिस्टरने बरोबर सांगितलंय.

---

स्टेथोस्कोप | सोमवार, सकाळी ७:१५

बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीला जाण्याआधी लिहितो.

घाबरवायचं नाही म्हणून आधी हे, की नवजात बाळाला हर्पिस होणं दुर्मिळ आहे, हजारो बाळंतपणांत एखाद्या बाळाला होतो. त्यातही बहुतेकांना तो जन्माच्या वेळी आईकडून लागतो. बाहेरच्या माणसाकडून, म्हणजे मुका, ओठ, लाळ, फोडाला लावलेला हात यांतून लागणारी बाळं त्यातली साधारण दहात एक. मग एवढी काळजी का? कारण मोठ्या माणसाचं शरीर हा विषाणू ओठाच्या एका कोपऱ्यात अडवून धरतं. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत झोपून राहतो, ऊन, ताप, जागरण झालं की उठतो, आठ-दहा दिवसांत पुन्हा झोपतो. पहिल्या चार ते सहा आठवड्यांच्या बाळाला तो असा अडवता येत नाही. कातडीतून डोळ्यांत, मेंदूत, नाहीतर रक्तातून यकृत-फुफ्फुसांत जाऊ शकतो. सगळ्या शरीरात पसरला तर औषध देऊनही दहातली तीनेक बाळं दगावतात. बारसं नेमकं याच काळात येतं.

आता आत्याचा हिशोब मांडू. शनिवारी चुरचुर सुरू झाली, तेव्हापासूनच ती संसर्गजन्य आहे. रविवारी फोड. आज-उद्या ते फुटतील आणि ओलं होईल, आणि फोडातल्या पाण्यात विषाणू सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे हे दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. बुध-गुरुवारी खपली धरेल. खपलीला मधून मधून भेगा पडतात, हसलं की रक्त येतं, म्हणजे ते मिटलेलं नाही. खपली आपोआप पडून खाली सलग नवी त्वचा दिसली की झालं. बहुतेकांना चुरचुरीपासून सात ते दहा दिवस लागतात. बारशाचा रविवार नववा दिवस आहे. म्हणजे अगदी काठावर. आज त्याचं उत्तर देता येणार नाही. शनिवारी रात्री तिचा ओठ पाहून द्यावं लागेल.

मलमाबद्दल: असायक्लोव्हिरचं मलम चुरचुरीच्या वेळीच सुरू केलं, दिवसातून पाच वेळा लावलं, तर दुखणं फार तर अर्ध्या-एका दिवसाने आटोपतं. गोळ्यांचंही तसंच, थोडा जास्त फरक पडतो इतकंच. फोड आल्यावर सुरू केलं तर तेवढाही नाही. ‘मलम लावलंय, आता बाळाला घेते’ असं होत नाही.

---

निळूकाका | सोमवार, सकाळी १०:३०

आमच्या वाड्यात एका छपराखाली एकवीस माणसं होती. प्रत्येकाच्या ओठावर कधी ना कधी फोड यायचे. सगळी बाळं सगळ्यांच्या मांडीवर वाढली, पापे घेतले, कुणाला काही झालं नाही. आईकडून ताकद मिळते बाळाला. हल्लीचे डॉक्टर बाळाला काचेच्या पेटीत ठेवायला सांगतील.

---

स्टेथोस्कोप | सोमवार, दुपारी २:४०

काका, ‘आईकडून ताकद मिळते’ हे तुमचं अर्धं बरोबर आहे आणि महत्त्वाचं आहे. आईला हा विषाणू लहानपणी लागून गेला असेल तर तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात. वाड्यातल्या आयांना तो बहुधा लहानपणीच लागलेला होता, म्हणून वाड्यातली बाळं पुष्कळ अंशी वाचली. पण ते कवच पूर्ण नसतं. आणि त्या काळी पहिल्या महिन्यात एखादं बाळ दूध सोडून, झटके येऊन गेलं तर त्याला ‘बाहेरचं झालं’, ‘धनुर्वात झाला’ म्हणत. हर्पिस म्हणून कुणी त्याची नोंद केली असती का?

उलट ज्या आईला हा विषाणू कधी लागलाच नाही, तिच्या बाळाकडे यातलं काहीच नसतं. हल्ली लहान कुटुंबात वाढलेल्या मुलींत अशा आया जास्त दिसतात. मोगरी, तुला फोड आले नाहीत म्हणजे विषाणू नाहीच असं समजू नकोस, लागण झालेल्या पुष्कळांना आयुष्यात कधी फोड येत नाही. रक्त तपासून कळेल, पण ते तपासत बसू नकोस. तपासणी काहीही सांगो, आत्याबाबत आपण करणार तेच करणार.

---

टिकली | सोमवार, दुपारी ३:१०

माझ्या सासऱ्यांना कमरेला नागीण झाली आहे, बाळ दोन महिन्यांचं आहे, तेही हर्पिसच ना? आम्ही त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय आठ दिवस, ते चिडलेत.

---

रातपाळी | सोमवार, रात्री ८:२०

टिकली, नागीण म्हणजे कांजिण्यांचा विषाणू. नाव सारखं वाटतं, पण घराणं एक आणि माणूस वेगळा. पुरळ कपड्याने पूर्ण झाकलेलं असेल, त्यांचे हात स्वच्छ असतील आणि बाळाला ते घेत नसतील तर खोलीत कोंडायची गरज नाही. तुला कांजिण्या होऊन गेल्यात का हे मात्र बाळाच्या डॉक्टरांना सांग. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचार, नाहीतर इथे गोंधळ होईल.

---

पुरणयंत्र | सोमवार, रात्री ९:३०

सगळे आत्याबद्दल बोलताहेत, पण फोड आईलाच आला तर? माझं तेच झालं होतं. मला कॉलेजपासून येतात. बाळ तीन आठवड्यांचं असताना जागरणाने ओठावर आला. मी रडत डॉक्टरांकडे गेले की आता दूध तोडावं लागणार.

तसं काही नव्हतं. दुधातून हा विषाणू जात नाही, दूध चालू ठेवायला सांगितलं. बाळाला घेताना तिपदरी मास्क, दर वेळी घेण्याआधी साबणाने हात, खपली वाळेपर्यंत मास्क काढायचा नाही आणि ओठ पूर्ण बरा होईपर्यंत मुका नाही, नाक घासणं नाही. माझा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा. सगळ्यात अवघड काय असेल तर ओठाला हात न लावणं. सवयीने सारखा जातो. मी शेवटी बोटाला रंगीत दोरा बांधला होता. झोपेत दूध पाजताना मास्क घसरायचा म्हणून रात्री नवऱ्याला जागं ठेवायचे समोर.

एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा बजावली, की छातीवर, स्तनाग्राजवळ असा एकही फोड दिसला तर त्या बाजूने पाजायचं नाही, त्या बाजूचं काढलेलं दूधही बाळाला द्यायचं नाही आणि लगेच दाखवायचं. दुसरी बाजू चालते. मला तसं झालं नाही, पण रोज आरशात बघायचे.

माझी तरी प्रतिपिंडं होती, डॉक्टर म्हणाले तुझ्या बाळाची बाजू थोडी भक्कम आहे. आत्याची नाहीत ना बाळाकडे आलेली.

---

मोगरी | मंगळवार, दुपारी १२:१०

सगळं वाचलं, डॉक्टर आणि रातपाळीताई, खूप मदत झाली.

पण घरी भडका उडाला. मी नवऱ्याला सांगितलं, त्याने फोनवर बहिणीला ‘हर्पिस’ म्हटलं. तिने नेटवर शोधलं आणि तिला पहिल्यांदा काय दिसलं ते तुम्हाला कळलंच असेल. रडत सासूबाईंना फोन, ‘वहिनी मला घाणेरडा आजार आहे म्हणते.’ सासूबाईंचा मला फोन. मी बाळंतीण आहे हो, मला हे झेपत नाही.

---

लंडनची_मावशी | मंगळवार, दुपारी ४:४५

अगं, तिला आधी हे सांग की ओठावरचा हा विषाणू लहानपणी आजी-आजोबांच्या, मावशी-काकांच्या पाप्यांतूनच लागतो बहुतेकांना. जगातल्या पन्नाशीखालच्या निम्म्याहून जास्त माणसांत तो आहे. तिला कुणीतरी लहानपणी लाडाने दिलाय, ती कुठे वावगं वागली नाही. नवऱ्याने नाही, तू स्वतः फोन कर, आणि ‘हर्पिस’ न म्हणता ‘ओठावरचा ताप’ म्हण. आजाराचं नाव खरं असलं तरी भांडणात ते शिवीसारखं लागतं.

इकडे सरकारी आरोग्यसेवेचाच सल्ला आहे की ओठावर फोड असेल तर बाळाचा मुका घेऊ नका. त्यामुळे माझ्या सुनेला कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून एकट्या नणंदेला न सांगता सगळ्या ग्रुपवर टाक. मी माझ्या पुतणीसाठी लिहून दिलं होतं, तेच देते:

“बारशाला सगळ्यांनी नक्की या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत कुणीच मुका घ्यायचा नाही, आम्हीसुद्धा नाही. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, बेसिनपाशी नवीन साबण ठेवला आहे. सर्दी-ताप किंवा ओठावर फोड असेल त्यांनी पाळण्यापासून लांबून आशीर्वाद द्या, फोटो जवळून पाठवू.”

‘आम्हीसुद्धा नाही’ हे वाक्य काढू नकोस, त्यावरच सगळं चालतं.

---

चौकस | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

एक शंका. हा विषाणू हवेतून जात नाही ना? मग आत्याने मास्क लावून, हात धुऊन, बाळाला न धरता कानाजवळ नुसतं कुर्र केलं तर काय बिघडतं? पुरणयंत्रताईंना तर मास्क लावून चोवीस तास बाळ सांभाळायला परवानगी होती. आईला चालतं आणि आत्याला का नाही?

---

स्टेथोस्कोप | मंगळवार, रात्री १०:५५

बरोबर शंका. हवेतून जात नाही, स्पर्शातून आणि लाळेतून जातो. मास्क नीट असेल, हात धुतलेले असतील तर धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. आईच्या बाबतीत आपण तो उरलेला धोका घेतो, कारण आई बाजूला केली तर दूध आणि ऊब दोन्ही जातं. तो तोटा मोठा आहे. आत्याला बाजूला केलं तर बाळाचं काय जातं? रुसवा-फुगवा असतो तो मोठ्यांचा.

दुसरं, बारशाचं दृश्य आठवा. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरतंय, आत्या वाकलीय, मागून सगळ्या जणी तिच्या पाठीत धपाटे घालताहेत. हसता हसता मास्क हनुवटीवर येतो आणि ओठ कानाला टेकतो. कागदावरचा मास्क आणि बारशातला मास्क यात फरक आहे.

---

सातारी_मिसळ | बुधवार, सकाळी ८:००

आमच्याकडे बाराव्याला घरच्या घरी नाव ठेवतात, आई-बाप-आजी एवढेच, आणि मोठं बारसं सव्वा महिन्यानंतर किंवा तिसऱ्या महिन्यात. कुणीही काही म्हणत नाही. हॉल मिळाला नाही असं सांगायचं, बास.

---

रातपाळी | बुधवार, सकाळी ८:४०

सातारीचं मला सगळ्यात पटतं. चाळीस माणसं आणि बारा दिवसांचं बाळ हे गणितच मला आवडत नाही, हर्पिस सोडा, सर्दी-खोकल्यासाठीसुद्धा.

आणि मोगरी, आत्या एक दिवस येणार, पण मालीश करणारी बाई रोज येते. तिचे ओठ बघतेस का? आणि बोटं? ओठाचा फोड हाताळून, नखं कुरतडून तोच विषाणू बोटाच्या टोकाला होतो. लाल, सुजलेलं, ठणकणारं बोट, त्यावर बारीक फोड. लोक नखुरडं समजतात. त्या हाताने अंगभर तेल चोळलं तर काय होईल? काही ठिकाणी बाई तेल घालून बाळाच्या नाकात-कानात फुंकरही मारते, ती तर कुणाचीच नको. बाळगुटी बोटावर चाटवतात तिथेही हात धुतलेला हवाच.

---

नवखा_बाबा | गुरुवार, सकाळी ९:२०

धागा वाचून पोटात गोळा आला. आमचं बाळ सोळा दिवसांचं. परवा माझे मामा येऊन गेले, त्यांनी गालाचा मुका घेतला. आज फोटो मोठा करून पाहिला तर त्यांच्या ओठावर खपली आहे. बाळ ठीक आहे, दूध पितंय. काय करू? रक्त तपासू का? औषध आधीच सुरू करतात का?

---

स्टेथोस्कोप | गुरुवार, सकाळी ९:५५

आजच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करा आणि दोन गोष्टी नेमक्या सांगा: मुका कधी आणि कुठे, आणि बाळाच्या आईला कधी ओठावर ताप फुटतो का. मामांचा फोटोही पाठवा. मुक्यानंतर लगेच कळलं असतं तर गाल साबण-पाण्याने हलका धुवायला सांगितला असता, आता दोन दिवसांनी त्याचा उपयोग नाही. व्यवस्थित असलेल्या बाळाला प्रत्येक वेळी रक्त काढून औषध सुरू करतात असं नाही, ते तुमचे डॉक्टर बाळ बघून ठरवतील. एका खपलीच्या मुक्यातून लागण होण्याची शक्यता कमीच आहे.

बघायचं काय ते नीट वाचा. लागण झाली तर ती बहुधा दोन दिवस ते दोन आठवड्यांत दिसायला लागते, मेंदूची कधी त्याहून उशिरा. गालावर, डोळ्याभोवती, टाळूवर, तोंडात पाण्याचा एखादा जरी फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळा लाल, चिकट झाला तरी. पण फोडाची वाट बघत बसू नका. मेंदूपर्यंत किंवा सगळ्या अंगात गेलेल्या दहातल्या चारेक बाळांच्या अंगावर फोड येतच नाही. त्यांच्यात काय दिसतं? बाळ नेहमीच्या वेळी दुधाला उठत नाही, उठवलं तरी चार घोट घेऊन सोडतं. अंग लुळं वाटतं, नाहीतर उगाच किरकिरतं, कशानेच शांत होत नाही. ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर. उलट पोट आणि पाय दोन्ही गार पडले तर तेही तितकंच वाईट. श्वास जलद, कण्हणं, हात-पाय किंवा ओठ एका लयीत उडणं.

यातलं काहीही दिसलं तर क्रोसिनचे थेंब घालून सकाळची वाट बघायची नाही. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जायचं आणि दारातच सांगायचं, ‘ओठावर खपली असलेल्या माणसाने मुका घेतला होता.’ हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. कारण एवढ्या लहान बाळाला ताप आला की डॉक्टरांच्या डोक्यात आधी जिवाणूंचा संसर्ग येतो आणि प्रतिजैविकं सुरू होतात. ती या विषाणूवर चालत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर फोडाचा, तोंडा-डोळ्यांचा, रक्ताचा आणि पाठीतल्या पाण्याचा नमुना पीसीआरला जातो आणि अहवालाची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू होतं. कातडीपुरतं असेल तर चौदा दिवस, मेंदूत किंवा अंगभर असेल तर किमान एकवीस. लवकर सुरू झालं तर कातडीवरचं बहुतेकदा तिथेच थांबतं.

---

नवखा_बाबा | गुरुवार, रात्री ८:१५

दाखवून आलो. डॉक्टरांनी बाळ पूर्ण तपासलं, सध्या औषध नाही म्हणाले, दर सोमवारी आणायला सांगितलंय सहा आठवड्यांचं होईपर्यंत. बायकोला शाळेत असताना ओठावर फोड यायचे, हे ऐकून ते जरा निवांत झाले. मामांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं कळत नाही, त्यांचं बायपास झालंय.

---

निळूकाका | गुरुवार, रात्री ९:००

मामांना सांगू नका. पण पुढच्या वेळी दारात साबण ठेवा.

---

अळूवडी | शुक्रवार, दुपारी १:३०

मला एक सांगा, आत्याने आधीपासून रोज गोळ्या घेतल्या तर? माझ्या भावजयीला डॉक्टरांनी सहा महिने रोज एक दिली होती, तिला तर दर महिन्याला यायचे.

---

स्टेथोस्कोप | शुक्रवार, रात्री ११:१०

वारंवार येणाऱ्यांना त्वचारोगतज्ज्ञ तशा देतात, आणि येण्याचं प्रमाण बऱ्यापैकी घटतं. घरात बाळ येणार असेल आणि त्याला सांभाळणाऱ्या आजीला दर महिन्याला फोड येत असतील तर तिने डॉक्टरांशी हे जरूर बोलावं. वर्षातून दोनदा येणाऱ्या आत्याला एका बारशासाठी नाही. आणि गोळी चालू असतानाही फोड आला तर नियम तोच. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना मात्रा बदलावी लागते.

---

मोगरी | सोमवार, सकाळी ११:००

काल झालं एकदाचं बारसं. मावशींचा मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. नणंदेला मीच फोन केला. ती म्हणाली, तू ताप म्हणालीस म्हणून ऐकतेय.

शनिवारी रात्री तिने ओठाचा फोटो पाठवला. मोठी खपली पडली होती, पण कडेला तांदळाच्या कणीएवढी राहिली होती. आमचे डॉक्टर म्हणाले वाळलेली आहे, मास्क लावून चालेल. रातपाळीताईंना व्यक्तिगत निरोप केला तर त्या म्हणाल्या, मी असते तर नाही. शेवटी असं केलं: माणसं पंधरावर आणली. नणंद मास्क लावून पाळण्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि नाव तिनेच मोठ्याने सांगितलं. कानात कुर्र नवऱ्याच्या चुलत बहिणीने केलं. धपाटे मात्र नणंदेलाच बसले, नेहमीपेक्षा दोन जास्तच. सासूबाई जेवताना फारसं बोलल्या नाहीत. मालीशवाल्या बाईंची बोटं रोज बघते, त्यांना वाटतं मी अंगठी शोधतेय.

---

चौकस | सोमवार, दुपारी १२:४५

छान झालं. पण माझा मुद्दा राहिलाच. फोड नसतानाही हा विषाणू लाळेत उतरतो म्हणतात. मग चुलत बहिणीच्या ओठावर काही नव्हतं म्हणून ती सुरक्षित कशी?

---

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री १०:२०

उतरतो, अधूनमधून, फोडाच्या मानाने पुष्कळ कमी. म्हणूनच नियम ‘फोडवाल्यांनी मुका नको’ एवढाच नाही, ‘पहिले सहा आठवडे कुणीच मुका नको’ असा आहे. चुलत बहिणीने ओठ टेकवले नसतील तर मी काळजी करणार नाही. खपलीच्या त्या कणीबद्दल मात्र आमच्यातही दोन मतं आहेत. वाळली की चालेल म्हणणारे आहेत, पूर्ण पडेपर्यंत थांबा म्हणणारे आहेत. मी दुसऱ्यांतला.

---

टिकली | सोमवार, रात्री १०:५०

माझा भाचा आठ महिन्यांचा आहे, त्याचेही मुके घ्यायचे नाहीत का? त्याच्या बाबाला आत्ता फोड आलाय.

---

स्टेथोस्कोप | मंगळवार, सकाळी ७:०५

फोड असेपर्यंत बाबाने घेऊ नये, चमचा-ग्लास वेगळा ठेवावा. आठ महिन्यांच्या बाळाला लागलाच तर सहसा मेंदूपर्यंत जात नाही, पण पहिली लागण जोरात होते: चढा ताप, हिरड्या सुजून लाल, तोंडभर फोड, लाळ गळते, आठवडा-दीड आठवडा. दुखतं म्हणून बाळ काही पीत नाही आणि त्रास त्याचाच होतो. थंड पाणी, ताक, आईचं दूध थोडं थोडं देत राहायचं. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला तर दवाखान्यात आणायचं. अंगावर इसब असलेलं बाळ असेल तर पहिला फोड दिसताच आणा, त्या कातडीवर हा फार पसरतो.

---

टिकली | मंगळवार, सकाळी ७:३०

इसब आहे त्याला. कोपरांच्या आत आणि गालांवर. बहिणीला आत्ताच फोन करते.